व्हॉट्सॲपवर चॅट उघडणारी जाहिरात: स्वस्त चॅट घ्यायचे की महाग?

शिवार_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरला आमचं शेती अवजारांचं दुकान आहे. सोयाबीनच्या फवारणीचा हंगाम धरून आम्ही बॅटरीवरच्या १६ लिटर फवारणी पंपाची जाहिरात फेसबुक-इन्स्टावर लावली. बटण दाबलं की थेट आमच्या व्हॉट्सॲपवर चॅट उघडतं, ती. जुलैत ३ आठवडे दोन जाहिराती शेजारी शेजारी चालवल्या आणि दोन्हींवर सारखेच ६,००० रुपये घातले.

पहिलीत पंपाचा फोटो आणि "हंगामी ऑफर, किंमत जाणून घ्या" एवढंच. दुसरीत सोयाबीनच्या तासात पंप चालवतानाचा व्हिडिओ, किंमत ३,२०० रुपये स्पष्ट लिहिलेली आणि "लातूर, औसा, निलंगा, उदगीर भागात पोच".

Ads Manager मध्ये Messaging conversations started या रकान्यात पहिलीला २४० दिसतात, म्हणजे एका चॅटला २५ रुपये. दुसरीला १००, म्हणजे ६० रुपये. धाकट्या भावाचं म्हणणं, दुसरी बंद करा आणि सगळे पैसे पहिलीवर टाका. मला ते पटत नाही, कारण दुकानात जे लोक "व्हॉट्सॲपवर बोललो होतो" म्हणत येतात ते बहुतेक व्हिडिओबद्दल बोलतात. पण माझ्याकडे हिशेब नाही, नुसता अंदाज आहे. हे मोजायचं कसं? आणि उत्तर द्यायला उशीर झाल्याने किती गिऱ्हाईक जातं, हे कळायला काही मार्ग आहे का?

मोंढा_नाका

मी जालना भागातल्या पाच-सहा दुकानांच्या जाहिराती बघतो. दादा, तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. २५ रुपयाला चॅट म्हणजे चांगलाच भाव पडलाय. जास्त चॅट आले की त्यातून जास्त विक्री निघणारच. उद्दिष्टात जास्तीत जास्त संभाषणं ठेवा आणि पहिलीचं बजेट हळूहळू वाढवा, एकदम दुप्पट करू नका. आणि उत्तराच्या वेगाची चिंता नको. बिझनेस ॲपात स्वागत संदेश चालू करा, गिऱ्हाइकाला त्याच सेकंदाला उत्तर जातं. विषय संपला.

हिशेबवही

मोंढा_नाका, बजेट हळूहळू वाढवायचं हे अगदी बरोबर. बाकी दोन मुद्द्यांवर मी वेगळं सांगेन.

आधी त्या २४० चा अर्थ. कोणी बटण दाबलं, व्हॉट्सॲप उघडलं, पण मेसेज पाठवलाच नाही, तर तो फक्त क्लिक मोजला जातो, संभाषण नाही. इथवर रकाना चांगला आहे. पण पाठवायचा मेसेज आधीच लिहून आलेला असतो, गिऱ्हाइकाने फक्त हिरवा बाण दाबायचा. "किंमत सांगा" असा तयार मेसेज असेल तर तो दाबायला काहीच लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर मोबाईल चाळणारा माणूस दाबतो आणि पुढच्या व्हिडिओवर जातो. तुमच्या पहिल्या जाहिरातीत किंमत झाकली आहे, म्हणून निव्वळ उत्सुकतेपोटी दाबणारे तिकडे जास्त येणार. दुसरीत ३,२०० वाचून ज्याला परवडत नाही तो बटणाला हातच लावत नाही. म्हणून तिचा चॅट महाग दिसतो.

दुसरं, २४० संभाषणं म्हणजे २४० माणसं नव्हेत. त्या रकान्याचा नियम असा की किमान ७ दिवस काही बोलणं झालं नसेल आणि मग जाहिरातीमुळे पुन्हा बोलणं सुरू झालं, तर ते नवीन संभाषण धरलं जातं. तुमची जाहिरात ३ आठवडे चालली, म्हणजे पहिल्या आठवड्यात विचारून गेलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात परत आला तर तो दोनदा मोजलेला असू शकतो. फोनमधले वेगवेगळे नंबर मोजा, आकडा कमी निघेल.

सगळ्यात उपयोगी आकडा मात्र Ads Manager च्या त्या रकान्यात नाही, तो तुमच्या चॅटमध्ये आहे. आपण उत्तर दिल्यावर गिऱ्हाईक पुन्हा बोललं का? एक ओळ का होईना, "कोणत्या कंपनीची बॅटरी", "किती तास चालते", काहीही. मी याला उलट उत्तर म्हणतो. दोन्ही जाहिरातींसाठी चार आकडे काढा: नंबर किती, उलट उत्तर किती, विक्री किती, आणि खर्च भागिले विक्री. कोणता चॅट कुठल्या जाहिरातीचा हे बहुतेक वेळा चॅटच्या सुरुवातीला दिसणाऱ्या जाहिरातीच्या चौकटीवरून कळतं. पुढच्या वेळी दोन्हींचे तयार मेसेज वेगळे ठेवा, म्हणजे मेसेजवरूनच ओळख पटेल.

सीताफळ_बालाघाट

माझं पण असंच झालंय भाऊ. बीडला सीताफळ गराचा धंदा आहे. मी गेल्या हंगामात जुन्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या नंबरांवर एकदम मेसेज टाकला, तर दोन दिवसात नंबरच बंद पडला. लई नुकसान झालं. तुमचाही नंबर जाईल, जपून राहा.

हिशेबवही

सीताफळ_बालाघाट, तुमची अडचण खरी आहे, पण ती वेगळी आहे. तुम्ही आपणहून लोकांना मेसेज केले. त्यातल्या काहींनी ब्लॉक किंवा तक्रार केली असणार. इथे गिऱ्हाईक स्वतः आधी बोलतं, आपण फक्त उत्तर देतो. त्यात तो धोका फारसा नाही. मात्र शिवार दादांनी हे २४० नंबर गोळा करून पुढच्या वर्षी सगळ्यांना एकदम ऑफर टाकली, तर तुमच्यासारखंच होऊ शकतं. तुमच्या नंबरासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

शिवार_लातूर

दोन संध्याकाळी बसून काढलं. भाच्याने फोन धरला, मी वहीत लिहिलं.

पहिली जाहिरात: वेगवेगळे नंबर २२१, उलट उत्तर ६६, विक्री ६.
दुसरी जाहिरात: नंबर ९४, उलट उत्तर ५८, विक्री १२.

म्हणजे एका विक्रीमागे पहिलीला १,००० रुपये लागले आणि दुसरीला ५००. आम्हाला एका पंपामागे साडेसहाशे सुटतात. पहिलीत ६ पंपांचे ३,९०० सुटले आणि ६,००० गेले, चक्क २,१०० चा तोटा. दुसरीत ७,८०० सुटले, खर्च वजा जाता १,८०० हातात. भावाने वही बघितली आणि गप्पच बसला.

विक्री कशी धरली तेही सांगतो, चुकत असेल तर सांगा. चॅटवरच यूपीआयने पैसे आले त्या ५ विक्र्या लगेच सापडल्या. बाकीचे दुकानात येऊन रोख देऊन गेले. बिलावर मोबाईल नंबर घेतो, तो चॅटच्या नंबराशी जुळवला.

मोंढा_नाका

उलट उत्तराचा फरक बघून मलाही नवल वाटलं. २२१ पैकी ६६ आणि ९४ पैकी ५८, हा मोठा फरक आहे. माझ्या दुकानांचं असं काढून बघतो. पण एक विचारतो, विक्री १८ च आहे. एवढ्याशा आकड्यावर जाहिरात बंद करायची का?

हिशेबवही

चांगला प्रश्न. ६ आणि १२ मधला फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, हे खरं. म्हणूनच मी उलट उत्तर मागितलं. तो आकडा मोठा असतो, चार-सहा दिवसांत कळतो, आणि विक्री ज्या दिशेला जाते त्याच दिशेला बहुधा तो आधी जातो. इथे दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणून मी निर्णय घेतला असता. विक्री एकीकडे आणि उलट उत्तर दुसरीकडे असतं तर थांबलो असतो.

शिवार दादा, विक्री धरायची तुमची रीत बरोबर आहे. दोन गोष्टी जोडा. विक्री ज्या आठवड्यात झाली त्या आठवड्यात न मांडता चॅट ज्या आठवड्यात सुरू झाला त्याच्यासमोर मांडा. पंप घेणारा माणूस आठ-दहा दिवस विचार करतो, पाऊस उघडायची वाट बघतो. चालू आठवड्याच्या खर्चासमोर चालू आठवड्याची विक्री ठेवली तर जाहिरात सुरू केल्यावर ती नेहमीच तोट्यात दिसते आणि बंद केल्यावर फायद्यात.

दुसरी गोष्ट, चॅट मुलाच्या फोनवरून आणि खरेदी वडिलांच्या नंबरवर, हे आपल्याकडे सर्रास होतं. ती विक्री नंबराने जुळणार नाही. चॅटमध्ये किंमत सांगताना एक छोटा आकडा द्या, "दुकानात ४१७ सांगा, नोझल मोफत". जो सांगेल त्याच्या बिलावर ४१७ लिहा.

पैठणीवाली

मी पैठणहून हातमागाच्या पैठण्या विकते, तीही चॅटवरच. इथलं वाचून एक सांगावंसं वाटतं. माझ्याकडे पहिल्या मेसेजपासून पैसे येईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. लग्न ठरतं, मग सासरच्या मंडळींना फोटो जातात, मग व्हिडिओ कॉलवर पदर आणि काठ उलटा करून दाखवावा लागतो, कारण मागची बाजू बघितल्याशिवाय हातमागाची खात्री पटत नाही. त्यामुळे पाच मिनिटांत उत्तर दिलं काय किंवा दोन तासांनी, माझ्या विक्रीत मला फरक दिसला नाही. घाईने अर्धवट उत्तर दिलं तर मात्र ताई पुन्हा बोलत नाहीत. वेगाचा एवढा आग्रह सगळ्यांना लागू करू नये.

हिशेबवही

ताई, तुमचा अनुभव मला पटतो. २०-२५ हजारांच्या वस्तूत विश्वास आधी. पंपाचं तसं नाही. रानात अळी दिसली की माणसाला दोन दिवसांत फवारायचं असतं, तो एकाच वेळी तीन दुकानांना विचारतो आणि जो आधी नीट बोलेल त्याच्याकडे जातो. तुमच्याकडे वेग मोजायचा असेल तर पहिल्या उत्तराऐवजी "फोटो मागितला ते फोटो गेला" हे अंतर मोजून बघा.

आता शिवार दादांचा वेगाचा प्रश्न. स्वागत संदेश ठेवा, त्याने गिऱ्हाइकाला दुकान जागं आहे हे कळतं. पण तो उत्तर म्हणून मोजू नका. तो धरला तर तुमचा वेग कायम शून्य मिनिटं दिसेल आणि काहीच कळणार नाही. मोजायचं ते माणसाने लिहिलेलं पहिलं उत्तर. ३१५ चॅट चाळायची गरज नाही, दर पाचवा घ्या. शीटमध्ये D रकान्यात गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज, E मध्ये आपलं हाताने लिहिलेलं पहिलं उत्तर, दोन्हीकडे तारीख आणि वेळ. मग F मध्ये मिनिटं:

```
=(E2-D2)*1440
```

आणि खाली मधली किंमत, म्हणजे सगळी मिनिटं चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडा:

```
=MEDIAN(F2:F64)
```

सरासरी घेऊ नका. दोन चॅट दिवसभर पडून राहिले की सरासरी बिघडते आणि दुकान आहे त्यापेक्षा आळशी दिसतं. दुकान उघडं असतानाचे आणि बंद असतानाचे चॅट वेगळ्या शीटवर ठेवा.

शिवार_लातूर

सर, तुम्ही दर पाचवा म्हणलात, पण भाच्याने हट्टाने सगळेच भरले. आमचं दुकान ८ ला बंद होतं. दिवसाच्या १२० चॅटमध्ये सरासरी ४८ मिनिटं येते आणि मधली किंमत फक्त ९ मिनिटं. म्हणजे दिवसा आम्ही बरे आहोत. पण रात्री ८ नंतरचे १९५ चॅट आहेत! त्यांना सकाळी दुकान उघडल्यावर उत्तर गेलं. दिवसाच्यांतून १३ पंप गेले, रात्रीच्यांतून ५.

शेतकरी दिवसभर रानात असतो, फोन हातात येतो तो रात्रीच. आम्ही नेमके तेव्हाच नसतो. उद्यापासून रात्री माणूस बसवू का?

मोंढा_नाका

यात विचार काय करायचा? १२० मध्ये १३ आणि १९५ मध्ये ५. बसवा लगेच.

हिशेबवही

थोडं थांबा. रात्रीच्या चॅटमध्ये पहिल्या जाहिरातीचे किती आहेत? ती मुळातच कमी विकते. रात्री तिचे चॅट जास्त असतील तर रात्र आपोआप वाईट दिसणार. फक्त दुसरी जाहिरात घेऊन बघा.

शिवार_लातूर

पहिलीचे १४७ रात्रीचे आहेत, बरोबर ओळखलंत. फक्त दुसरी घेतली तर दिवसाचे ४६ चॅट, विक्री ९. रात्रीचे ४८ चॅट, विक्री ३.

हिशेबवही

म्हणजे जाहिरात एकच धरली तरी फरक राहतो. तरीही हा फरक उशिरामुळेच आहे, असं मी अजून म्हणणार नाही. भर दिवसा काम सोडून विचारणाऱ्याला पंप आजच हवा असतो. रात्रीचा माणूस निवांत असतो, त्याला ताबडतोब उत्तर दिलं तरी तो तेवढा घेईलच असं नाही. हे वेगळं काढायचा एकच सोपा मार्ग आहे: भाच्याला एक दिवसाआड रात्री साडेदहापर्यंत बसवा. ज्या रात्री तो बसला आणि ज्या रात्री नाही बसला, त्या दोन्हींची तुलना करा. दोन्हीकडे माणसं रात्रीचीच, फरक फक्त उत्तराच्या वेळेचा. वार आलटून पालटून येतील तेही बघा, म्हणजे बाजाराचा दिवस एकाच बाजूला पडायला नको. आणि तेवढ्या काळात जाहिरातीला हात लावू नका.

तेरणाकाठ

मी धाराशिवचा, सॉफ्टवेअरचं काम करतो. वहीत लिहिण्यापेक्षा व्हॉट्सॲपचा क्लाउड एपीआय जोडला तर हे बरंच आपोआप होतं. जाहिरातीवरून आलेल्या पहिल्या मेसेजसोबत `referral` नावाचा भाग येतो. त्यात `source_id` म्हणजे जाहिरातीचा क्रमांक आणि `ctwa_clid` म्हणजे त्या क्लिकची खूण असते. विक्री झाली की तीच खूण लावून मेटाकडे `Purchase` पाठवता येतं, मग जाहिरात नुसते चॅट न शोधता विकत घेणारी माणसं शोधायला लागते. शिवाय जाहिरातीवरून आलेल्याला २४ तासांच्या आत उत्तर दिलं तर पुढचे ७२ तास मेसेजचे पैसे लागत नाहीत.

हिशेबवही

माहिती नेमकी दिलीत. `ctwa_clid` पहिल्याच मेसेजला साठवून ठेवावा लागतो हे शिवार दादांच्या माणसाला आवर्जून सांगा. तो निसटला की नंतर ती विक्री त्या क्लिकला जोडता येत नाही. माझी शंका वेगळी आहे. मेटाची यंत्रणा शिकायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० निकाल मागते. इथे ३ आठवड्यांत १८ विक्र्या आहेत. एवढ्यावर विक्रीचं उद्दिष्ट लावलं तर ती शिकण्याच्या टप्प्यातच अडकेल आणि खर्च वर-खाली होत राहील.

तेरणाकाठ

मान्य, पण उलट उत्तर देणाऱ्यांना `LeadSubmitted` म्हणून पाठवता येईल की. ते ३ आठवड्यांत १२४ आहेत. ५० च्या बरेच जवळ.

हिशेबवही

हे मी स्वतः करून बघितलेलं नाही, पण तर्क बरोबर आहे. फक्त एक भीती: "पत्ता काय" विचारणाराही त्यात जाईल. निदान "कुठल्या गावी पोच हवी" याचं उत्तर देणाऱ्यालाच पाठवावं असं मला वाटतं.

तेरणाकाठ

गाव विचारलं की आकडा निम्म्यावर येईल, मग परत ५० ची अडचण. मी सगळेच पाठवेन.

शिवार_लातूर

दोन आठवडे झाले. पहिली जाहिरात बंद आहे, दुसरीच चालू. भाचा एक दिवसाआड बसला. तो बसला त्या रात्रींचे ३१ चॅट, उलट उत्तर २२, विक्री आजपर्यंत ५. नाही बसला त्या रात्रींचे २९ चॅट, उलट उत्तर ११, विक्री २.

एक गोष्ट चॅट वाचताना लक्षात आली. सकाळी उत्तर गेलं की समोरचा दोन खुणा निळ्या करतो पण बोलत नाही. रात्री लगेच उत्तर गेलं की तो पाठोपाठ विचारतो, "डबल मोटर आहे का", "चार्जर सोबत येतो का", आणि तिसऱ्या-चौथ्या मेसेजला गावाचं नाव सांगतो. निलंग्याच्या एकाने तर रात्री पावणेदहाला पैसे पाठवले आणि सकाळच्या गाडीने पार्सल मागितलं.

हिशेबवही

२२ आणि ११ हा फरक मी गंभीरपणे घेईन. ५ आणि २ वर अजून काही बोलणार नाही, आणखी दोन आठवडे तसंच चालवा. दरम्यान खर्चही मांडा. भाच्याला रात्रीचे किती देता? समजा एका रात्रीचे २०० रुपये आणि सात रात्री, म्हणजे १,४०० झाले. तीन पंप जादा गेले असं धरलं तर १,९५० सुटतात. उरतात ५५०. तीनऐवजी दोनच जादा गेले असतील तर १,३००, म्हणजे उलट शंभर रुपये खिशातून.

शिवार_लातूर

भाचा पैसे घेत नाही म्हणतो, पण मी देणारच, नाहीतर हिशेब खोटा होईल. शेवटचे बरेच चॅट साडेनऊच्या आत येतात, तेव्हा साडेदहाऐवजी पावणेदहापर्यंत बसवून १५० देतो आणि पुढचे दोन आठवडे तसं बघतो.

पैठणीवाली

दादा, वेळ बदलली तर आधीच्या दोन आठवड्यांशी तुलना कशी करणार?

हिशेबवही

ताई बरोबर बोलल्या. वेळ बदलायची असेल तर जुन्या नोंदींतही पावणेदहापर्यंतचेच चॅट धरा, नंतरचे बाजूला काढा. वहीत प्रत्येक चॅटची वेळ लिहिलेली आहे, त्यामुळे ते जमेल.